कॅमेरा भाड्याने देताय? दिवसाचा दर, आठवड्याचा दर आणि डिपॉझिट कसं काढायचं ते एकदा नीट बघू

कॅमेरे भाड्याने द्यायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न येतो आणि तो कस्टमरच विचारतो, "एका दिवसाचं एवढं, मग सात दिवसांचं किती घेणार?" आणि आपण तिथे काउंटरवर उभ्या उभ्या तोंडाला येईल तो आकडा सांगतो. मी पण हेच केलं. बाकीचे लोक काय घेतात ते बघितलं, त्यातून थोडं कमी केलं, आठवड्याचं म्हणून अजून थोडं सोडलं, आणि डिपॉझिट म्हणून कस्टमरचा चेहरा बघून काहीतरी. वर्षाच्या शेवटी वही काढून बसलो तेव्हा कळलं की कॅमेरा सारखा बाहेर होता आणि तरी हातात काही उरलं नव्हतं.

तर हे तीन आकडे कुठून येतात ते एकाच किटवर सोडवून दाखवतो. एक फुलफ्रेम बॉडी आणि एक २४-७० झूम लेन्स, दोन्ही मिळून १,००,००० ला पडले असं धरा. चलन तुमचं जे असेल ते, आकडे फक्त हिशोब समजायला आहेत, तुमचे आकडे घातले की तुमचा दर निघेल.

बहुतेक लोक सुरुवात करतात ती किंमतीच्या टक्क्यांपासून. म्हणजे वस्तूच्या किंमतीच्या एक ते तीन टक्के दिवसाचं भाडं, असा एक ढोबळ अंदाज या धंद्यात चालतो. तो चुकीचा नाहीये, पण तो शेवटी ताळा करायला वापरायचा, सुरुवात त्याने करायची नाही. कारण एक टक्का आणि तीन टक्के यात तिप्पट फरक आहे, आणि तुमचा आकडा या दोनपैकी कुठल्या टोकाला जाणार हे किंमत सांगतच नाही, ते ठरतं वस्तू वर्षात किती दिवस भाडं कमावते यावर.

आधी वर्षाचा खर्च काढू. बॉडी ६०,००० ची, तीन वर्षं वापरणार, नंतर विकली तर समजा २४,००० येतील, म्हणजे ३६,००० गेले, वर्षाला १२,०००. लेन्स ४०,००० ची, ती पाच वर्षं आरामात चालते आणि किंमत पण बॉडीसारखी धाडकन पडत नाही, २०,००० ला विकली जाईल, म्हणजे वर्षाला ४,०००. बॉडी आणि लेन्सचा हिशोब वेगळा करायचा तो याचसाठी, नवीन मॉडेल आलं की जुन्या बॉडीला कोणी विचारत नाही पण चांगली लेन्स तशीच चालत राहते. ही घट झाली १६,०००. इन्शुरन्स ४,०००. सर्व्हिसिंग, सेन्सर क्लीनिंग, दमलेल्या बॅटऱ्या, हरवलेली झाकणं यासाठी बाजूला ६,०००. आणि जागेचं भाडं, लाइट, फोन, तुमचा स्वतःचा पगार यातला या किटच्या वाट्याला येणारा भाग समजा ३४,०००. स्वतःचा पगार धरायचाच, तो नाही धरला तर दर स्वस्त दिसतो आणि तुम्ही फुकट राबत असता. बेरीज ६०,०००. हा खर्च किट कपाटात पडून राहिलं तरी होणारच.

आता दुसरा खर्च, जो प्रत्येक वेळी किट बाहेर गेलं की होतो. फोनवर बोलणं, कागद तपासणं, बॅटऱ्या चार्ज करणं, देताना तपासून देणं, घेताना तपासून घेणं, पुसणं. एका फेरीला हा खर्च ३०० धरू. इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा, हे ३०० एक दिवसाच्या कस्टमरला पण लागतात आणि सात दिवसांच्या कस्टमरला पण तेवढेच लागतात. आठवड्याच्या दरात हे परत येणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा, वर्षात भाड्याचे दिवस किती. आणि इथेच माझी पहिली मोठी चूक झाली होती. मी वहीत किट किती दिवस बाहेर होतं ते मोजलं, ते भरले १०५ दिवस, आणि मी खूश, की वा, वर्षातले शंभरच्या वर दिवस माल बाहेर. पण त्यातल्या बऱ्याच फेऱ्या आठवड्याच्या होत्या आणि आठवड्याला मी चार दिवसांचेच पैसे घेत होतो. म्हणजे किट सात दिवस बाहेर आणि बिल चार दिवसांचं. सगळ्या १५ फेऱ्या आठवड्याच्या धरल्या तर १०५ दिवस बाहेर, पण बिलाचे दिवस फक्त ६०. खर्चाला भागायचं ते या ६० ने, १०५ ने नाही. ज्याने १०५ ने भागलं त्याचा दर जवळजवळ निम्म्यावर येतो आणि त्याला वर्षभर कळतच नाही की आपण तोट्यात देतोय, कारण कपाट तर रिकामं दिसत असतं ना.

तर ६० बिलाचे दिवस धरू, आणि सरासरी दोन दिवसांच्या ३० फेऱ्या. वर्षाचा खर्च ६०,००० भागिले ६० म्हणजे दिवसाला १,०००. फेऱ्यांचा खर्च ३० गुणिले ३०० म्हणजे ९,०००, तो ६० दिवसांवर वाटला की १५०. एकूण १,१५०, एवढं घेतलं तर ना नफा ना तोटा. त्यावर नफा आणि मंदीच्या दिवसांची गादी म्हणून साधारण ३० टक्के, की आला १,५००. किंमतीच्या दीड टक्का. मगाचच्या ढोबळ अंदाजात बसतोय, म्हणजे हिशोब वेडावाकडा नाही.

आता हाच हिशोब ३० बिलाच्या दिवसांवर करून बघा. ६०,००० भागिले ३० म्हणजे २,००० आणि वर १५०, म्हणजे नुसता खर्च भरून निघायलाच २,१५० हवेत. आणि १०० दिवस मिळाले तर ६०० अधिक १५०, फक्त ७५०. वस्तू तीच, किंमत तीच, इन्शुरन्स तोच. म्हणून कोणी मोठा रेंटलवाला तुमच्या निम्म्या दरात देतोय म्हणून तुम्ही पण तेवढ्यात द्यायला निघालात तर आधी बघा की त्याची तीच बॉडी वर्षात किती दिवस कमावते. आणि जी वस्तू वर्षात दहाच दिवस जाणार, एखादी विचित्र मॅक्रो लेन्स वगैरे, ती या हिशोबाने इतकी महाग निघते की कोणी घेणारच नाही. अशी वस्तू विकत घेऊ नका, कस्टमर आला तर दुसऱ्या रेंटलवाल्याकडून आणून द्या आणि मधले थोडे ठेवा.

दिवस म्हणजे नेमका काय हे पण लिहून ठेवायला लागतं. मी घेतल्यापासून २४ तास असं ठेवलं होतं, आणि त्यात लोचा असा झाला की एक जण दुपारी तीनला नेतो आणि दुसऱ्या दिवशी तीनला परत आणतो, म्हणजे बिल एका दिवसाचं आणि माझे दोन दिवस गेले, कारण सकाळी सहाला शूटला निघणाऱ्याला मी ते देऊच शकत नाही. आता नियम असा, आदल्या संध्याकाळी पाचनंतर न्या, शूट करा, नंतरच्या सकाळी दहाच्या आत आणा, एक दिवस. कस्टमरला पण बरं पडतं आणि मला दहा ते पाच तपासायला, चार्ज करायला वेळ मिळतो.

आता आठवड्याचा दर. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला तीन किंवा चार दिवसांचं भाडं घेतात, म्हणजे सात दिवस वापरा आणि तीन किंवा चारचे पैसे द्या. नवीन माणसाला वाटतं ही काय लूट लावलीय आपल्याच धंद्याची, सात दिवसांचे सात व्हायला हवेत. पण बघा ना, वर्षात बिलाचे दिवस ६०, आठवडे ५२, म्हणजे एका सरासरी आठवड्यात हे किट १.१५ दिवसच कमावतं. साधारण १,७२५. त्या आठवड्यात कोणी ६,००० देऊन सातही दिवस घेऊन जात असेल तर तुमचं नुकसान कुठे झालं? उलट फेरी एकच, ३०० एकदाच खर्च, सात वेळा फोन नाहीत, सात वेळा तपासणी नाही.

पण सरासरी आठवडा असा प्रत्यक्षात नसतोच, हीच गोम आहे. वर्षात काही आठवडे असे असतात की फोन वाजायचा थांबत नाही आणि काही असे की कपाटाला जाळी धरतात. म्हणून गेल्या वर्षीची वही काढा आणि आठवड्यानुसार बिलाचे दिवस मांडा. माझ्या वहीत सीझनच्या आठवड्यात हेच किट तीन वेगवेगळ्या कस्टमरना मिळून पाच दिवस जात होतं. पाच गुणिले १,५०० म्हणजे ७,५००, त्यातून तीन फेऱ्यांचे ९०० गेले, ६,६०० उरले. त्याच आठवड्यात मी एकालाच आठवड्याच्या दराने दिलं तर ६,००० वजा ३००, म्हणजे ५,७००. नऊशेचं नुकसान, आणि वर तीन नेहमीचे कस्टमर दुसरीकडे गेले ते वेगळंच. उलट ऑफसीझनला तेच किट दोन आठवड्यांतून एखादा दिवस जायचं, तिथे कोणी ४,५०० ला आठवडा मागितला तरी हो म्हणायला हरकत नाही.

म्हणून मी आता आठवड्याचा एकच दर ठेवत नाही. मंदीत तीन दिवसांचा आठवडा, म्हणजे ४,५००. एरवी चार दिवसांचा, ६,०००. आणि सीझनच्या ज्या आठवड्यांना मी वहीत लाल खूण केलीय तिथे पाच दिवसांचा, ७,५००. लोक थोडी कुरकुर करतात, पण तारखा आधीच दरपत्रकावर छापलेल्या असल्या की भांडण होत नाही. काउंटरवर ऐनवेळी वाढवलं की मात्र होतं.

तीन दिवसांच्या खाली आठवडा जाऊ देऊ नका, कितीही मंदी असली तरी. कारण तुमचा रोजचा गिऱ्हाईक दोन तीन दिवसवाला आहे, आठवडा अडीच दिवसांच्या किंमतीत मिळतोय म्हटल्यावर तो तीन दिवसांसाठी पण आठवडाच बुक करणार, आणि मग तुमचे बिलाचे दिवसच आटतात.

आता अजून एक गंमत, जी दरपत्रक लावल्यावर तिसऱ्या महिन्यात लक्षात आली. आठवडा म्हणजे चार दिवसांचे पैसे असा सरळ नियम ठेवला की चार दिवसांच्या कस्टमरचं बिल ६,०००, आणि पाच, सहा, सात दिवसांचं पण ६,०००. मग चार दिवसांचं काम असलेला माणूस काय करतो? काम गुरुवारी संपतं आणि किट रविवारपर्यंत त्याच्या घरी पडून राहतं, कारण लवकर आणून द्यायचं त्याला काही कारणच नाही. आणि माझा शनिवार रविवारचा कस्टमर हात हलवत परत जातो. त्याची काही चूक नाही, नियम मीच तसा केला होता.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाढीव दिवसाला थोडे का होईना पैसे लागले पाहिजेत. म्हणून पहिले तीन दिवस पूर्ण दराने ठेवले, १,५००, ३,०००, ४,५००. चौथ्या दिवसाला वर फक्त ५०० म्हणजे ५,०००, पाचव्याला ४०० म्हणजे ५,४००, सहाव्याला ३०० म्हणजे ५,७००, आणि सातव्याला ३०० की ६,०००. आठवड्याचा आकडा तोच राहिला, पण गुरुवारी काम संपलेल्याला आता गुरुवारी आणून दिलं तर १,००० वाचतात, आणि हजारासाठी माणूस गाडी काढून येतो हे मी बघितलंय. मंदीचा आणि सीझनचा दर लावताना पण हीच शिडी, फक्त वरच्या पायऱ्या लहान मोठ्या करायच्या. मंदीत तर दुसऱ्या तिसऱ्या दिवसाच्या पण करायच्या, कारण शेवटचा आकडाच ४,५०० आहे.

आठव्या दिवसाचं काय, हे पण आधीच ठरवा. तिथे परत १,५०० पासून सुरू केलं तर आठ दिवसांचे ७,५०० होतात आणि कस्टमरला वाटतं आपल्याला फसवलं. मी आठवड्याच्या दराला सातने भागतो, ६,००० भागिले ७ म्हणजे साधारण ८५०, आणि आठव्या दिवसापासून रोज तेवढेच लावतो. आठ दिवसांचे ६,८५०, असं करत दोन आठवड्यांचे १२,००० च्या आसपास.

पण ही शिडी फक्त त्याला, ज्याने आधी सांगितलंय. तीन दिवसांचं बुकिंग करून न सांगता चौथ्या दिवशी आणणाऱ्याला ५०० वर सोडायचं नाही, त्याला पूर्ण १,५००. कारण चौथ्या दिवशी दुसरा कोणी वाट बघत बसलेला असू शकतो आणि त्याला मला नाही म्हणायला लागलं असेल. निदान आदल्या संध्याकाळी फोन करून विचारलं आणि पुढे बुकिंग नसेल तर शिडीचा दर, नाहीतर पूर्ण. हा फरक बिलावर लिहिलेला असतो आणि मी तो तोंडाने पण सांगतो.

आता डिपॉझिट. इथे लोकांच्या दोन टोकाच्या समजुती असतात. एक म्हणजे कॅमेरा पळवला तर काय, म्हणून पूर्ण किंमतीएवढं डिपॉझिट घ्या. घेऊन बघा, महिनाभर कोणी फिरकणार नाही. ज्याच्याकडे १,००,००० सुट्टे पडलेत तो भाड्याने कशाला घेईल? दुसरं टोक म्हणजे हजार दोन हजार नावाला घेतात, जे एक फिल्टर फुटला तरी संपतात.

डिपॉझिट किती हे ठरवायला आधी बघा की काय काय बिघडतं. छोट्या गोष्टी, म्हणजे लेन्स कॅप हरवली, चार्जर विसरला, कार्डाचा रीडर गेला, या सगळ्या हजार दोन हजारात बसतात आणि सारख्या होतात. मोठी गोष्ट, म्हणजे माणूस किट घेऊन गायब, ती क्वचित होते पण झाली की सगळं जातं. आणि मधली गोष्ट, म्हणजे लेन्स पडली, माउंट वाकला, वाळू शिरली, पाणी गेलं. डिपॉझिट हे या मधल्या गोष्टीसाठी असतं. मोठ्या गोष्टीला डिपॉझिट कधीच पुरणार नाही, तिथे ओळखपत्र, पत्ता पडताळणी, सही केलेला करार आणि इन्शुरन्स लागतो, आणि नवख्या माणसाला पहिल्या फेरीत सगळ्यात महाग वस्तू न देणं.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट पॉलिसी घेण्याआधी विचारून घ्या. बऱ्याच साध्या पॉलिसी वस्तू भाड्याने दिली की लागूच होत नाहीत, आणि ज्या लागू होतात त्यातल्या पण अनेक असं म्हणतात की तुम्ही स्वतःच्या हाताने वस्तू दिलीत आणि त्याने ती परत आणली नाही तर ती चोरी धरणार नाही. म्हणजे कपाट फोडून नेलं तर पैसे मिळतील, पण बुकिंग करून, हसून, सही करून नेलं आणि आणलंच नाही तर नाही. हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या, एजंटच्या "हो हो सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

आता मधल्या गोष्टीचा आकडा काढू. इन्शुरन्समध्ये प्रत्येक क्लेमचा पहिला काही भाग आपल्याच खिशातून जातो, माझ्या पॉलिसीत तो या किटला १०,००० आहे असं धरा. म्हणजे दुरुस्ती ४०,००० ची असली तरी माझे जाणारे १०,०००. त्यावर, दुरुस्तीला दोन आठवडे लागले तर तेवढे दिवस किट कमावणार नाही. इथे लोक काय करतात, १४ गुणिले १,५०० म्हणजे २१,००० असं लिहून टाकतात. हे खोटं आहे आणि कस्टमरला पण ते कळतं. किट त्या चौदा दिवसांत चौदाच्या चौदा दिवस जाणार होतं का? नाही. आठवड्याला १.१५ दिवस, म्हणजे दोन आठवड्यांत २.३ दिवस, त्याचे ३,४५० होतात, आणि खरं नुकसान तेवढंच आहे. सीझनच्या खुणेचा आठवडा असेल तर मात्र जास्त. मग उशीर, दोन दिवस न सांगता जादा ठेवलं तर ३,०००. सगळं मिळून १६,४५०. मी १५,००० घेतो, कारण तिन्ही गोष्टी एकाच फेरीत व्हायची शक्यता कमी आणि गोल आकडा सांगायला सोपा.

हे दिवसाच्या आणि आठवड्याच्या दोन्ही बुकिंगला सारखंच ठेवतो. सात दिवसांसाठी डिपॉझिट सातपट कशाला, लेन्स एकदाच पडते. मात्र आठवड्याच्या बुकिंगला एक खड्डा आहे. डिपॉझिट कार्डावर नुसतं अडवून ठेवत असाल, म्हणजे पैसे कापत नाही, फक्त ब्लॉक करता, तर तो ब्लॉक किती दिवस टिकतो ते बँकेवर आणि कार्डावर असतं आणि बऱ्याचदा तो आठवडाभरातच आपोआप सुटतो. सोमवारी ब्लॉक केलं, पुढच्या मंगळवारी माणूस तुटकी लेन्स घेऊन आला, आणि तुम्ही मशीनवर बघता तर अडवलेलं काहीच नाही. म्हणून चार दिवसांच्या वरच्या बुकिंगला मी डिपॉझिट सरळ खात्यात घेतो आणि परत पाठवतो.

आणि खात्यात घेतलेलं डिपॉझिट आपलं नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे करतात ते मी पण केलं. एकदा सात आठ किटं बाहेर होती, खात्यात लाखाच्या वर डिपॉझिट जमलं होतं, आणि एक जुनी पण छान ७०-२०० स्वस्तात मिळत होती, ती मी त्या पैशांत घेऊन टाकली. पुढच्या सोमवारी सकाळी तीन जण एकदमच परत करायला आले, किटं व्यवस्थित, काही तक्रार नाही, आणि माझ्याकडे तिघांना द्यायला ४५,००० नव्हते. दोघांना दिले, तिसऱ्याला म्हटलं संध्याकाळी पाठवतो. तो काही बोलला नाही पण परत कधी आला पण नाही. त्या दिवसापासून डिपॉझिटचं खातं वेगळं, आणि त्याचं कार्डच घेतलेलं नाही.

डिपॉझिट कापायचं असेल तर ते देतानाच्या पाच मिनिटांत ठरतं. परत घेताना ओरखडा दिसला आणि कस्टमर म्हणाला, "अहो ते आधीपासूनच होतं," तर तुमच्याकडे उत्तर हवं. म्हणून देताना त्याच्यासमोर फोनवर व्हिडिओ, सीरियल नंबर दिसला पाहिजे, लेन्सच्या पुढच्या काचेवर तिरका टॉर्च मारून, मागच्या माउंटचे चारही स्क्रू, फिल्टरचे आटे वाकलेत का, स्क्रीन. सेन्सरसाठी एक फोटो, एफ १६ वर, फोकस मुद्दाम घालवून, पांढऱ्या भिंतीचा, त्यात धूळ किंवा चरा असेल तर काळे डाग दिसतात. तोच फोटो परत घेताना काढायचा आणि शेजारी ठेवायचा. धूळ मी कापत नाही, ती वापराचा भाग आहे, लेन्स बदलली की धूळ आत जाणारच. चरा कापतो. रबराची चमक गेली, पट्टा मळला, हे पण वापराचंच. काय वापराचं आणि काय नुकसान याची चार ओळींची यादी करारात आहे आणि सही करण्याआधी ती मी वाचून दाखवतो.

एक फेरी शेवटपर्यंत सांगतो म्हणजे सगळे आकडे जागेवर बसतील. नवीन कस्टमर, सात दिवसांचं बुकिंग, साधा आठवडा. भाडं ६,०००, डिपॉझिट १५,०००, दोन्ही खात्यात आधी. आठवडा संपल्यावर सकाळी दहाला यायचा तो आला त्याच दिवशी संध्याकाळी, फोन नाही काही नाही. किट हातात घेतल्यावर मी नेहमी आधी झूम रिंग कानाजवळ धरून फिरवतो, नीट असेल तर ती गुळगुळीत सरकते, आवाज येत नाही. ही कर्र कर्र करत होती आणि ५० च्या आसपास अडत होती. वाळू.

"कुठे गेला होतात दादा, समुद्रावर?"

तो हसला, म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

बॉडी तपासली, सेन्सरचा फोटो साफ, माउंट ठीक. लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवली, अंदाज आला ५,२०० आणि बारा दिवस. १०,००० च्या आतलं असल्यामुळे इन्शुरन्सचा क्लेम करण्यात अर्थच नव्हता. उशिराचा एक दिवस, न सांगता, म्हणून शिडी नाही, पूर्ण १,५००. बारा दिवस कमाई बुडाली, आठवड्याला १.१५ च्या हिशोबाने साधारण दोन दिवस, म्हणजे ३,०००, पण बॉडी तर माझ्याकडेच होती आणि ती मी दुसऱ्या लेन्सवर देऊ शकत होतो, म्हणून फक्त लेन्सचा वाटा लावला, किंमतीत तो ४० टक्के आहे, १,२००. एकूण ७,९००. सर्व्हिस सेंटरचा कागद आणि देतानाचा व्हिडिओ त्याला पाठवला, ज्यात रिंग मी त्याच्यासमोर फिरवतोय आणि आवाज येत नाहीये. पहिल्यांदा म्हणाला १,२०० कशाचे, ते समजावून सांगितलं तेव्हा म्हणाला मला वाटलं पूर्ण बारा दिवसांचे लावाल. त्याच संध्याकाळी त्याला ७,१०० परत पाठवले.